वाळीत टाकणे, धर्म आणि १९६२चा एक निकाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात मी वकिली करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका फिर्यादीच्या कागदांत दोनशे पानी वहीच्या चार पानांच्या छायाप्रती होत्या. वही जातीच्या पंचांची होती. प्रत्येक ओळीत नाव, गाव, दंडाची रक्कम आणि शेवटी ‘जमा’ किंवा ‘बाकी’ असा एकच शब्द. माझ्या पक्षकाराच्या नावापुढे एक्कावन्न हजार लिहिले होते आणि शेवटी ‘बाकी’. मुलीचे लग्न त्याने परजातीत लावून दिले होते. पंचांनी दंड आणि जातजेवण सांगितले, त्याने दोन्हीला नकार दिला. त्यानंतर महिनाभरात त्याच्या घरचे दळण चक्कीवर घेईनासे झाले आणि सोयाबीन सोंगायला ठरलेली माणसे आली नाहीत. त्याच सुमारास त्याची आई वारली. भावकीची साठ घरे गावात असताना तिरडीला खांदा द्यायला बाहेरगावचे दोन जावई आणि मजुरीने आणलेले दोघे होते. तेरवीचा स्वयंपाक तसाच उरला.

महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपींच्या वकिलांनी जामिनाच्या सुनावणीतच मुद्दा घेतला, की जातीच्या कुलदैवताच्या पूजेचा मान कोणाला आणि कोणाला नाही हे ठरवणे ही धार्मिक बाब आहे, धार्मिक संप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहू देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद २६(ख)ने तिला संरक्षण दिले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९६२मध्येच तसे ठरवले आहे. सोबत निकालाची प्रत होती. सरदार सय्यदना ताहेर सैफुद्दीन साहेब विरुद्ध मुंबई राज्य, ९ जानेवारी १९६२. गावच्या चक्कीचा आणि त्या निकालाचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. मला मात्र त्या दिवसापासून वाटत आले आहे की संबंध अगदी थेट आहे, आणि प्रथा धर्माला अत्यावश्यक असेल तरच तिला संरक्षण देणारी, ‘अत्यावश्यक धार्मिक प्रथा’ या नावाने ओळखली जाणारी कसोटी नेमकी कुठे चुकते हे त्या निकालात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

मुंबई विधिमंडळाने १९४९मध्ये बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा केला. तेव्हा आपला विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, म्हणजे कायदा आपल्यासाठी झालेला नव्हता. त्याची रचना साधी होती. समाज म्हणजे जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने एका धर्माशी वा पंथाशी जोडलेला गट, त्यात जात आणि पोटजातही आली. बहिष्कार म्हणजे अशा समाजातून एखाद्याला काढून टाकून दिवाणी दाव्याने मिळवता येणारे त्याचे हक्क हिरावणे. प्रार्थनास्थळी उपासना करण्याचा, दफनाचा आणि दहनाचा हक्कही या हक्कांत स्पष्टपणे धरलेला होता. कुठलाही कायदा, रूढी किंवा वहिवाट काहीही म्हणो, असा बहिष्कार अवैध, आणि तो करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड.

या कायद्याला आव्हान दिले ते दाऊदी बोहरा समाजाचे एक्कावन्नावे दाई-उल-मुतलक सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी. पंथाच्या श्रद्धेनुसार दाई हे अदृश्य इमामांचे प्रतिनिधी असतात, आणि श्रद्धेपासून ढळलेल्याला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार हा त्या पदाचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते पोकळ नव्हते. बुऱ्हाणपूरच्या दर्ग्यावरून उद्भवलेल्या वादात, बुऱ्हाणपूर तेव्हा आपल्याच प्रांतात होते, ब्रिटिश अमदानीतले शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४७मध्ये दाईंचा हा अधिकार तत्त्वतः मान्य केला होता. मात्र त्याला अटीही घातल्या होत्या: ज्याला काढायचे त्याला आधी दोष सांगितला पाहिजे, सुधारण्याची संधी दिली पाहिजे आणि कारणे उघडपणे मांडली पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाने १९४९चा कायदा वैध ठरवला होता. उच्च न्यायालयातल्या त्या वादातला मूळ वादी पुढे वारला, तेव्हा दाईंनी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

निकाल चार विरुद्ध एक असा लागला. मुख्य निकालपत्र न्या. दासगुप्ता यांचे. त्याला न्या. सरकार आणि न्या. मुधोळकर यांची सहमती होती. (हे जनार्दन मुधोळकर म्हणजे अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे चिरंजीव, नागपूर उच्च न्यायालयातून वर गेलेले. त्यामुळे वऱ्हाडातल्या माणसाने हा निकाल परका समजण्याचे कारण नाही.) न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी सहमतीचे वेगळे निकालपत्र लिहिले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरोधात राहिले.

दासगुप्ता यांच्या तर्काच्या पायऱ्या एकीनंतर एक पाहण्यासारख्या आहेत. संविधानाचे संरक्षण केवळ श्रद्धेला नसून श्रद्धेपोटी केलेल्या कृतींनाही आहे. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे न्यायालयाने त्या धर्माच्याच शिकवणुकीवरून ठरवायचे. श्रद्धेपासून ढळलेल्याला किंवा धर्माची आवश्यक प्रथा मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचा हेतू धर्माचे बळ टिकवणे हाच असू शकतो. म्हणून असा बहिष्कार म्हणजे धार्मिक बाबींत आपला कारभार आपण पाहणे, आणि तो हक्क अनुच्छेद २६(ख) देतो. बहिष्कृताचे दिवाणी हक्क जातात हे खरे, परंतु अनुच्छेद २६(ख) दिवाणी हक्कांच्या अधीन ठेवलेलाच नाही. मग अनुच्छेद २५(२)(ख)मधली समाजसुधारणेची मुभा उरते. तिच्याबद्दल ते म्हणतात, की धर्मबाह्य कारणांसाठी होणारा बहिष्कार बंद करणे कदाचित समाजसुधारणा ठरेल, पण शुद्ध धार्मिक कारणासाठी होणारा बहिष्कार बंद करणे ही समाजसुधारणा म्हणता येणार नाही. कायदा दोन्हींत भेद करत नाही, म्हणून तो रद्द.

या साखळीतली एकेक कडी तपासली तर जवळजवळ प्रत्येक पटण्यासारखी वाटते. तरीही शेवटी आपण अशा जागी पोचतो की एखाद्याला आईला पुरायला जागा नाकारली गेली, तर न्यायालय फक्त एवढेच विचारणार, की नाकारणाऱ्याच्या मनातले कारण धार्मिक होते का. कारण धार्मिक ठरले की चौकशी संपली. ज्याच्यावर हे कोसळले त्याचे काय झाले, हा प्रश्न निकालात कुठेही निर्णायक ठरत नाही. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. कसोटी प्रथेकडे पाहते, प्रथेखाली सापडलेल्या माणसाकडे पाहण्याची तिच्यात सोयच नाही.

ही कसोटी आली कुठून, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण वाटेत एका शब्दाने जागा बदलली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते, की या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सारे आयुष्य व्यापतात, आणि सगळेच धर्माच्या कक्षेत घेतले तर सामाजिक सुधारणा अशक्य होईल. म्हणून जे मूलतः धार्मिक आहे त्याच्यापुरतीच धर्माची व्याख्या आखावी. त्यांचा भेद धार्मिक आणि ऐहिक यांच्यातला होता. वारसा, भाडेपट्टा या गोष्टी मूलतः धार्मिक नाहीत, एवढेच त्यातून निघते. १९५४च्या शिरूर मठाच्या निकालात न्या. मुखर्जी यांनीही हाच भेद धरला, फक्त तो धर्माच्या स्वतःच्या शिकवणुकीवरून करायला सांगितला. पुढच्या सात-आठ वर्षांत मात्र प्रश्न सरकला. ‘हे मूलतः धार्मिक आहे का’ याऐवजी ‘हे धर्माला अत्यावश्यक आहे का’ असे विचारले जाऊ लागले. १९६१च्या अजमेर दर्ग्याच्या निकालात न्या. गजेंद्रगडकर यांनी अंधश्रद्धेतून चिकटलेल्या प्रथा वेगळ्या काढण्याची भाषा आणली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीश व्यवहाराकडे पाहून देऊ शकतो. दुसऱ्याचे द्यायचे तर त्याला धर्मग्रंथ उघडून पंडित किंवा मौलवी व्हावे लागते. १९६२च्या निकालात तर न्यायालयाला ग्रंथात फार शिरावेही लागले नाही. प्रिव्ही कौन्सिलचा निष्कर्ष आणि दाईंची शपथपत्रे यांवर काम भागले. पंथाच्या वतीने धर्म काय हे पंथप्रमुखच सांगतो, त्यामुळे बाहेर काढणाऱ्याची साक्ष धर्म म्हणून नोंदली जाते आणि बाहेर काढलेल्याची तक्रार म्हणून. त्याच पंथातल्या सुधारकांचे म्हणणे हेही श्रद्धेचेच एक रूप असू शकते, याला कसोटीत जागा राहत नाही.

सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळ्या टोकाकडून सुरुवात केली. त्यांनी आधी पाहिले ते बहिष्कृताकडे. मशिदीत, दफनभूमीत, जमातीच्या मालमत्तेत ज्याला पाय ठेवता येत नाही आणि ज्याच्याशी सगेसोयरे संबंध ठेवत नाहीत, त्याची अवस्था अस्पृश्यासारखीच होते, असे त्यांनी लिहिले, आणि कायद्याचे नाते थेट अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७शी जोडले. धार्मिक बाब कोणती याबद्दल त्यांचे म्हणणे असे, की ज्या क्षणी कृती माणसाच्या दिवाणी हक्कांना, मालमत्तेला आणि समाजातल्या जगण्याला हात घालते, त्या क्षणी ती निखळ धार्मिक राहत नाही. विदर्भातल्या खेड्यात राहिलेल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागत नाही. शहरात माणूस जमातीबाहेर पडला तर दुसरी वस्ती, दुसरा दुकानदार, दुसरे स्मशान मिळते. साठ घरांच्या भावकीत दळण, मजूर, बैलजोडीची उसनवारी, सोयरीक आणि सरणाची लाकडे हे सगळे त्याच माणसांच्या हातात असते. तिथे धर्मातून काढणे आणि जगण्यातून काढणे यांच्यात धुराच नसतो.

तरीही मी बहुमताला सर्वस्वी चुकीचे म्हणत नाही. अय्यंगार यांनी म्हटले होते, की समाजसुधारणेच्या नावाखाली धर्माची ओळखच पुसली जाईल इतकी सुधारणा करता येणार नाही, आणि या म्हणण्यात वजन आहे. अमरावती जिल्ह्यातले ऋद्धपूर महानुभावांचे क्षेत्र आहे. समजा, तिथे रीतसर संन्यासदीक्षा घेतलेल्या कोणी व्रत मोडले, आणि पंथाने त्याला संन्याशांच्या पंक्तीतून उठवले. सरकारने पंथाला सांगावे का, की याला संन्यासी मानाच? मला वाटते, नाही. कोण गुरू, कोण दीक्षित, पूजेला कोण बसणार, आपल्या शिकवणुकीचा माणूस म्हणून कोणाला उभे करायचे, हे पंथानेच ठरवले पाहिजे. १९४९च्या कायद्याची शब्दरचना इतकी सरसकट होती की ती इथेही पोचू शकली असती. न्यायालयाला ती खटकली असेल, तर कायद्याचा तेवढाच भाग बाजूला ठेवून जातपंचायतींच्या दंडवसुलीला लागू होणारा भाग जिवंत ठेवण्याची वाट होती. धर्मबाह्य बहिष्कारावरची बंदी कदाचित टिकेल असे स्वतःच म्हणून झाल्यावर बहुमताने ती वाट घेतली नाही. अख्खा कायदा गेला, आणि मुद्दाम या विषयासाठी केलेला नवा कायदा राज्यात लागू व्हायला जुलै २०१७ उजाडावा लागला. मधली पंचावन्न वर्षे बोहरा समाजातल्या सुधारकांइतकीच कितीतरी जातींतल्या दंड न भरणाऱ्यांनी सोसली, आणि त्यांचा तर दाईंच्या श्रद्धेशी काडीचाही संबंध नव्हता.

२०१६च्या कायद्याने दिवाणी हक्क हिरावणे ही जुनी व्याख्या सोडून कृत्यांची यादी केली आहे. लग्नकार्य किंवा अंत्यविधी अडवणे, स्मशान किंवा प्रार्थनास्थळ वापरू न देणे, व्यवहार तोडायला लावणे, पंचायतीने दंड ठोठावणे अशी ती यादी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा मोठाच फरक आहे, कारण इथे कायदा प्रथेचे नाव विचारत नाही, काय केले ते विचारतो. परंतु समाजाची व्याख्या त्याने १९४९च्याच वळणाची ठेवली आहे, आणि धार्मिक कारणासाठी केलेला बहिष्कार वगळलेला नाही. म्हणजे १९६२चा निकाल जोवर उभा आहे, तोवर या कायद्याखालच्या प्रत्येक खटल्यात आरोपीला ‘आमचे कारण धार्मिक होते’ असे म्हणायची दारे उघडी राहतात. आमच्या तालुक्यात ते म्हटले गेलेच.

त्याला उत्तर देताना आम्ही दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी, की अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायाला हक्क देतो, जातीला नाही. संप्रदाय ठरायला समान श्रद्धा, समान संघटना आणि वेगळे नाव लागते, हे शिरूर मठाच्या निकालापासून चालत आले आहे. जातीचे पंच एका कुलदैवताला नारळ फोडतात म्हणून त्यांचा संप्रदाय होत नाही. तेच कुलदैवत शेजारच्या तीन जातींचेही आहे, आणि त्यांच्यावर या पंचांचा शब्द चालत नाही. दुसरी गोष्ट वहीतून निघाली. छायाप्रतीत आमच्या पक्षकाराच्या वरच्या ओळीत एकाला धुऱ्याच्या भांडणासाठी दंड होता, खालच्या ओळीत एकाला पंचांविरुद्ध पोलिसांत गेल्याबद्दल. पूजा, व्रत किंवा श्रद्धा यांतले एकही कारण चार पानांत नव्हते. आणि दंड भरला की ‘जमा’ लिहून माणूस त्याच दिवशी परत जातीत. पैसे दिल्याने फिटणारा दोष धर्माचा असतो की वसुलीचा, हे त्या वहीनेच सांगितले. बहिष्काराच्या खटल्यात पुरावा मिळणे महाकठीण असते, कारण कोणी काही करत नाही, फक्त येत नाही, आणि न येणे हा गुन्हा नाही. गुन्हा ठरतो तो न येण्याचा हुकूम. म्हणून तारखा जुळवून दाखवाव्या लागतात: बैठक कोणत्या दिवशी, चक्की कोणत्या दिवशी बंद, मजूर कोणत्या दिवशी फिरले. सगळे एका आठवड्यात घडलेले दिसले, तरच मागचा हुकूम दिसतो.

हे उत्तर आमच्या प्रकरणाला पुरे होते, पण ते सगळ्यांना पुरणारे नाही, हे मला कबूल केले पाहिजे. समोर जातपंचायतीऐवजी खराखुरा संप्रदाय असता, प्रमुख खराखुरा धर्मगुरू असता आणि कारण श्रद्धेचे असते, तर १९६२च्या निकालासमोर आमचा युक्तिवाद टिकला नसता, आणि त्या आईच्या तिरडीचे मात्र तेच झाले असते. माणसाची हानी तितकीच, संरक्षण मात्र हानी करणाऱ्याच्या ओळखीवर अवलंबून. कसोटी चुकीच्या जागी लावली आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

बोहरा समाजातल्या सुधारकांनी १९८६मध्येच या निकालाच्या फेरविचारासाठी याचिका केली होती. १० फेब्रुवारी २०२३ रोजी न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकालाचा फेरविचार आवश्यक असल्याचे म्हटले, आणि शबरीमला प्रकरणातून निघालेले प्रश्न ज्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे आहेत त्याच पीठाकडे हाही प्रश्न पाठवला. अनुच्छेद २६(ख)चा हक्क अनुच्छेद २१मधल्या प्रतिष्ठेच्या हक्काशी तोलावा लागेल, आणि बहिष्काराची प्रथा संविधानिक नैतिकतेच्या कसोटीवर टिकते का हेही पाहावे लागेल, ही त्यामागची दोन कारणे आहेत.

इथे संविधानाच्या शब्दांतली एक अडचण आहे, आणि ती टाळून चालणार नाही. अनुच्छेद २५ची सुरुवात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी यांच्या अधीन राहून होते. अनुच्छेद २६मध्ये पहिले तीनच शब्द आहेत, ‘इतर तरतुदी’ नाहीत. १९६२च्या बहुमताने संप्रदायाचा हक्क दिवाणी हक्कांच्या वर ठेवला तो याच फरकाच्या आधाराने. परंतु १९५८च्या वेंकटरमण देवरू निकालात मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानेच संप्रदायाचा हक्क अनुच्छेद २५(२)(ख)च्या अधीन ठेवून वाचला होता. दोन्ही अनुच्छेद जुळवून वाचण्याची रीत तेव्हाही उपलब्ध होती. शिवाय तीन शब्दांत ‘नीतिमत्ता’ आहेच. ती बहुसंख्यांची नव्हे, तर संविधानाची नीतिमत्ता धरली, तर प्रेताला खांदा न देण्याचा हुकूम तिच्यासमोर उभा राहू शकत नाही. मात्र संविधानिक नैतिकता हा मोकळा शब्द आहे, आणि तो एकटाच हत्यार म्हणून वापरला तर उद्या ऋद्धपूरच्या दीक्षेतही हात घालता येईल. म्हणून नऊ न्यायमूर्तींनी प्रश्नांचा क्रमच बदलावा असे मला वाटते. आधी पाहावे, की माणसाने काय गमावले. पद, दीक्षा किंवा पूजेचा मान गमावला असेल, तर न्यायालयाने बाहेर राहावे, फार तर प्रिव्ही कौन्सिलने सांगितलेली दोष कळवण्याची आणि संधी देण्याची अट पाळली का एवढे बघावे. घर, मजुरी, सोयरीक, स्मशान किंवा कबर गमावली असेल, तर ते हिरावण्यामागचे कारण धर्माला कितीही आवश्यक असले तरी ते संप्रदायाच्या हातातले नाही, असे म्हणावे. या क्रमाने गेले तर कोणाचाही ग्रंथ न्यायालयात उघडावा लागत नाही.

सीमेवरची प्रकरणे तरीही राहतील, आणि दफनभूमी हे त्यातले सर्वांत अवघड. दफनाच्या वेळी म्हटली जाणारी प्रार्थना पंथाची आहे. जमीन बहुधा न्यासाची असते. आणि मृतदेह एका कुटुंबाचा. प्रार्थना म्हणायला धर्मगुरूला भाग पाडता येणार नाही असे मी धरतो, पण फाटकाला कुलूप लावण्याचा अधिकारही त्याला नाही. गावात मोक्षधाम ग्रामपंचायतीचे असते, तिथे प्रश्न जमिनीचा नसून माणसांचा असतो, आणि कोणत्याही न्यायालयाचा हुकूम खांदेकरी आणू शकत नाही. त्यांना येऊ नका असे सांगणाऱ्याला तो शिक्षा करू शकतो.

आमचा खटला निकालापर्यंत गेला नाही. २०१६चा कायदा पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करू देतो, आणि गावात राहायचे आहे म्हणून माझ्या पक्षकाराने संमती दिली. त्यामुळे अनुच्छेद २६(ख)च्या मुद्द्यावर त्या न्यायालयाने काहीच म्हटले नाही. तडजोडीच्या पुरसिसवर सह्या होण्याआधी त्याने एकच अट घातली होती, आणि पंचांनी मूळ वही न्यायालयात आणून ती पाळली. त्याच्या नावापुढचा ‘बाकी’ हा शब्द खोडला गेला. त्याच्या जागी ‘जमा’ लिहू नये, असे त्याने आवर्जून सांगितले, कारण त्याने काहीही भरलेले नव्हते.